38 रुपये स्क्वेअर फूट

डोंबिवलीतली आमची इमारत तळमजला अधिक तीन अशी आहे, एकूण 8 घरं. गच्ची गळायला लागली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये. आधी छताच्या कोपऱ्यात तांबूस डाग दिसला, मग रंगाचे पोपडे सुटले आणि ऑगस्टमध्ये पलंग सरकवून खाली घमेलं ठेवायची वेळ आली. गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो हे सगळ्यांना मान्य होतं, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. मी खजिनदार. जानेवारीत कोटेशनं मागवायची आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस यायच्या आत काम संपवायचं, असं ठरलं.

चार कोटेशनं आली. पहिलं होतं अॅक्रिलिक कोटिंगचं, 38 रुपये स्क्वेअर फूट, 5 वर्षांची गॅरंटी. दुसरं पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या कोटिंगचं, मध्ये फायबरची जाळी आणि वर उन्हाला टिकणारा पांढरा थर, 62 रुपये, गॅरंटी 5 वर्षंच. तिसरं पीयूचं म्हणजे पॉलियुरेथेनचं, 115 रुपये, 10 वर्षं. चौथं आपल्या जुन्या ओळखीच्या वीट-कोब्याचं. त्यांनी दर ब्रासमध्ये दिला होता, 16,500 रुपये ब्रास. ब्रास म्हणजे 100 स्क्वेअर फूट, तेव्हा स्क्वेअर फुटाला 165 झाले. त्यांचीही गॅरंटी 10 वर्षांची.

मी चारही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहून मीटिंगमध्ये ठेवले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कागद पाहिला आणि तिथल्या तिथे हिशोब मांडला: "दर भागिले वर्षं करा. अॅक्रिलिक साडेसात रुपये वर्षाला, पीयू साडेअकरा. दोघांत अॅक्रिलिक स्वस्त." कुणी म्हणालं, पीयूच घ्या, 10 वर्षं डोक्याला ताप नको. मला दोन्ही पटेना, पण का पटत नाही हे सांगता येत नव्हतं. मी 8 दिवस मागून घेतले.

पहिली गोष्ट केली ती टेप घेऊन गच्चीवर जाण्याची. गच्ची 48 बाय 30 फूट, म्हणजे 1440. त्यातून जिन्याची केबिन 16 बाय 10, म्हणजे 160 वजा केली की सपाट जागा उरते 1280 स्क्वेअर फूट. पण पाणी फक्त सपाट जागेतून आत जात नाही. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोल उतार केलेला असतो, त्याला कामगार वाटा म्हणतात. आमच्याकडे बहुतेक भेगा त्या वाट्यावरच होत्या. म्हणून कोटिंग वाट्यावरून कठड्यावर निदान फूटभर चढवावं लागतं. कठडा आणि केबिनच्या भिंती मिळून ही लांबी भरली 176 फूट. फूटभर उंची धरली की 176 स्क्वेअर फूट वाढले. एकूण 1456.

आता हाच प्रश्न चौघांना फोनवर विचारला: "तुमचा दर कुठल्या मापावर लागणार?" उत्तरं चार तऱ्हेची आली. अॅक्रिलिकवाले म्हणाले, "मॅडम, जेवढं कोटिंग होईल तेवढं माप." म्हणजे 1456. वाट्याची दुरुस्ती वेगळी, रनिंग फुटाला 85. भेगा भरणं वेगळं, रनिंग फुटाला 40. सिमेंट कोटिंगवाल्यांचंही माप 1456 वर, पण वाटा नव्यानं करणं आणि भेगा भरणं दरात धरलेलं. पीयूवाल्यांचा दर फक्त सपाट 1280 वर, कठड्यावरचं त्यातच. कोब्यावाल्यांचंही सपाट मापावर. जीएसटी तिघांनी शेवटच्या ओळीत 'एक्स्ट्रा' लिहिला होता, 18 टक्के. कोब्यावाल्यांचा नंबरच नव्हता.

मग हिशोब असा निघाला. अॅक्रिलिकचे 38 गुणिले 1456 म्हणजे 55,328. वाट्याचे 176 फुटांचे 14,960. भेगा मी स्वतः खडूनं खुणा करून मोजल्या, साधारण 120 फूट, त्याचे 4,800. बेरीज 75,088, जीएसटी धरून 88,604. सिमेंट कोटिंगचे 62 गुणिले 1456 म्हणजे 90,272, जीएसटी धरून 1,06,521. पीयू 1,73,696. कोबा 2,11,200.

या रकमांना एकाच मापानं, सपाट 1280 नं भागलं, तेव्हा 38 रुपयेवाल्यांचा खरा दर 69 रुपये निघाला आणि 62 वाल्यांचा 83. कागदावर दोघांत 24 रुपयांचा फरक दिसत होता, तो 14 वर आला. आणि काकांचं ते वर्षांचं गणित नव्यानं केलं तर पीयूला वर्षाला 17,370 पडत होते आणि अॅक्रिलिकला 17,721. म्हणजे आधीच्या मीटिंगमध्ये जे स्वस्त वाटलं होतं तेच किंचित महाग ठरत होतं. एवढ्यानं सगळे पीयूकडे झुकले. मीही झुकले होते, हे कबूल करते. पण वर्षांनी भागणं तेव्हाच खरं, जेव्हा ती वर्षं खरी असतील.

म्हणून केमिकलकडे वळले. या बाबतीत माझ्या भाच्यानं एक साधं माप सांगितलं, तो बांधकामावर सुपरवायझर आहे. एक लिटर पातळ माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर एक मिलिमीटर होतो. सुकल्यावर त्यातलं पाणी उडून जातं आणि जे घन उरतं तेवढाच थर राहतो. तो म्हणाला, "मावशी, कोट किती ते विचारू नकोस. पाणी घालून पातळ केलं की पाच कोटही मारता येतात. बादल्या किती लागणार ते विचार."

विचारलं. अॅक्रिलिकवाले म्हणाले, 20 लिटरच्या 4 बादल्या. 1456 स्क्वेअर फूट म्हणजे 135 चौरस मीटर. 80 लिटर 135 मीटरवर पसरले तर मीटरला 0.6 लिटरही येत नाही. त्या मालाच्या माहितीपत्रकात घन भाग साधारण अर्धा दिला होता. म्हणजे सुकलेला थर 0.3 मिलिमीटर, व्हिजिटिंग कार्डाएवढा. त्याच माहितीपत्रकात असंही लिहिलं होतं की पाणी साचून राहणाऱ्या जागी हे वापरू नये. आमच्या गच्चीच्या उत्तरेकडे उतार बसलेला आहे आणि पाऊस थांबल्यावर तिथे दोन-दोन दिवस डबकं असतं. जिथं गळत होतं तिथंच हे केमिकल चालणार नव्हतं.

सिमेंट कोटिंगचा माल पावडर आणि पांढरं द्रव असा जोडीनं येतो, 15 किलोचा एक सेट. ते म्हणाले 20 सेट लागतील, वरच्या पांढऱ्या थराचा माल वेगळा. 300 किलो 135 मीटरवर म्हणजे मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. त्यांच्या माहितीपत्रकाप्रमाणे एक मिलिमीटरला पावणेदोन किलोच्या आतबाहेर माल लागतो, तेव्हा थर सव्वा मिलिमीटर होतो. आता 38 आणि 62 यांची तुलना कशाशी करायची ते मला कळलं. एकजण तिसरा हिस्सा मिलिमीटर देत होता आणि दुसरा त्याच्या चौपट.

पीयूचं उत्तर मात्र बादल्यांत नव्हतं, ते आमच्या गच्चीत होतं. सिमेंट कोटिंगवाले पाहणीला आले तेव्हा त्यांनी एकट्यांनीच मोजण्याआधी गच्ची वाजवून पाहिली. हातात लोखंडी सळई घेऊन दर दोन पावलांवर टोक आपटत गेले. बहुतेक ठिकाणी टणटणीत आवाज आला, पण उत्तरेच्या कठड्याजवळ आणि टाकीखाली बद्द. "इथं कोबा सुटलाय ताई. खाली पोकळी आहे, पाणी त्यात बसलंय." मग म्हणाले, मी सांगतो म्हणून नको, तुम्हीच बघा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही जाड प्लास्टिकचा मीटरभर तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून गच्चीवर ठेवला. संध्याकाळी ठेवला, दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला. फेब्रुवारीचा महिना, चार महिने पावसाचा थेंब नाही, वरून गच्ची तापलेली. आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव पडावं तसे थेंब. काकूंना वर बोलावून दाखवले. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या छतावर बारा महिने पाणी आहे."

तसंच होतं. स्लॅबवरचा कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट, चार-साडेचार इंच जाडीचा. भेगेतून शिरलेलं पाणी त्यात स्पंजासारखं राहतं आणि आडवं पसरत जातं. म्हणूनच खाली जिथे डाग असतो तिथेच वर भेग असेल असं नसतं. अशा ओल्या तळावर पीयू मारलं तर उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वर यायला वाट मिळत नाही आणि थराला फोड येतात. फोड फुटला की 10 वर्षांची गॅरंटी असलेल्या थराला भोक पडतं. पीयूवाल्यांना हे विचारलं, तर म्हणाले आठवडाभर ऊन खाऊ द्या, सुकेल. वरचा पापुद्रा सुकेल, पण आतलं पाणी आठवड्यात कुठे जाणार? पॉलिमरच्या सिमेंटला हा त्रास कमी, कारण ते किंचित ओल्या तळावरच मारतात, उलट मारण्याआधी तळ भिजवून घेतात. पीयू वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोरड्या, नव्या स्लॅबवर मी कदाचित तेच घेतलं असतं.

कोब्याचं लवकर निकालात निघालं. त्यांचा प्रस्ताव जुना कोबा न काढता त्यावरच नवा घालण्याचा होता. साडेचार इंच कोबा स्क्वेअर फुटाला 20 किलोच्या घरात भरतो. 1280 फुटांवर 25 टन. आमची इमारत 30 वर्षांची आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरनी ऐकताक्षणी नाही म्हटलं. शिवाय गच्ची साडेचार इंच वर आली असती तर जिन्याच्या दाराचा उंबरठा तिच्या खाली गेला असता आणि पावसाचं पाणी थेट जिन्यात उतरलं असतं.

राहिली गॅरंटी. मी चौघांकडे गॅरंटीच्या कागदाचा कोरा नमुना मागितला, काम देण्याआधी. कोब्यावाल्यांकडे कागद नव्हता, "शब्द आहे ना" म्हणाले. पीयूवाल्यांनी कंपनीचं पत्र पाठवलं. छान कागद, पण नीट वाचल्यावर त्यात 10 वर्षं होती ती मालातल्या दोषाची. दोष कंपनीच्या तपासणीत सिद्ध झाला तर तेवढा माल बदलून मिळणार. मजुरी नाही, जुना थर खरवडणं नाही. आणि तळ ओला असताना मारलेलं असेल तर काहीच नाही. म्हणजे जे आमच्याकडे घडण्याची सर्वांत जास्त शक्यता होती तेच वगळलेलं. अॅक्रिलिकवाल्यांच्या कागदात 'नव्यानं पडलेल्या भेगांमुळे होणारी गळती धरली जाणार नाही' अशी ओळ होती. गच्ची गळते ती भेगेतूनच, मग 5 वर्षं कशाची?

सिमेंट कोटिंगवाल्यांच्या कागदातही वगळलेल्या गोष्टी होत्या. इमारत खचून स्लॅबला पडलेली भेग आणि दुसऱ्या कुणी गच्चीवर केलेलं छिद्र. पहिली रास्त वाटली. दुसऱ्या गोष्टीनं मला दचकवलं, कारण आमच्या गच्चीत तीन डिश अँटेना थेट कोब्यात खिळे ठोकून बसवलेल्या होत्या. आम्ही त्यांच्याशी बसून कागद पुन्हा लिहिला. गॅरंटी माल आणि मजुरी दोन्हींची. कळवल्यापासून 7 दिवसांत येऊन पाहायचं. गळता भाग स्वखर्चानं दुरुस्त करून तिथे पुन्हा पाणी भरून दाखवायचं. मुदत शेवटचं बिल दिल्यापासून नाही, तर पाणी भरून पाहिल्याच्या तारखेपासून. आणि 10 टक्के रक्कम पहिला पावसाळा संपल्यावर द्यायची. या शेवटच्या अटीला ते थोडे अडले, पण तयार झाले. हे सगळं 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घेतलं.

त्यांना काम दिलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली. बद्द वाजणारे दोन तुकडे, मिळून 60 स्क्वेअर फूट, फोडायला घेतले. कोटेशनमध्ये हे नव्हतं, पण दर आधीच ठरवून घेतला होता, फोडून भरायचे 140 रुपये. पहिला तुकडा उचलला तेव्हा खालचा स्लॅब ओला, चकाकत होता आणि विटांचे तुकडे हातात घेतले तर चुरा होत होते. ते दोन खड्डे आठ दिवस उघडे ठेवले. मग कोबा भरला, वाटा सगळा कापून पॉलिमर घातलेल्या मसाल्यानं नव्यानं केला, आणि डिश अँटेना खिळ्यांवरून काढून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवल्या.

कोटिंग चाललं असताना मी एकच काम केलं. रिकाम्या पिशव्या आणि कॅन भंगारात न देता जिन्याच्या वरच्या चौकात रचून ठेवायला सांगितले. शेवटी मोजले तेव्हा 21 सेट भरले. त्यांनी 20 सांगितले होते.

सात दिवसांनी आउटलेटच्या तोंडात गोणपाट कोंबलं, विटांची आळी करून गच्चीचे तीन भाग केले आणि एकेक भागात दोन इंच पाणी 48 तास ठेवलं. दुसऱ्या भागाच्या वेळी काकूंच्या छतावर ओल आली आणि मी घाबरले. पण कोटिंगवाल्यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: कोब्यात उरलेलं पाणी आता वरून उडू शकत नाही, ते खालीच उतरणार, दोन-तीन आठवडे डाग ओला राहील. म्हणून आम्ही डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहिली. डाग रेघेबाहेर गेला नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत तो आत आत सरकत गेला आणि महिन्याअखेर हाताला कोरडा लागला.

शेवटचं बिल कोबा फोडण्याचे 8,400 आणि जीएसटी धरून 1,16,433 झालं.

जुलैत एका रात्री धो धो पाऊस लागला आणि सकाळी जिन्याच्या वरच्या चौकात पाणी दिसलं. सगळे म्हणाले, बोलवा त्यांना, गॅरंटी आहे. बोलावलं, ते दुसऱ्याच दिवशी आले. मी मापाचा कागद काढला. 1280 अधिक 176. जिन्याच्या केबिनवरचा स्लॅब, तोच 160 स्क्वेअर फूट जो मी पहिल्या दिवशी वजा केला होता, तो परत कुठेही जमा झाला नव्हता. ना त्यांच्या कोटेशनमध्ये, ना इतर तिघांच्या, ना माझ्या हिशोबात. ते शिडी लावून वर गेले. वर कोबा नव्हताच, नुसता प्लास्टर, आणि तो चारही बाजूंनी तडकलेला. त्यांनी तात्पुरतं प्लास्टिक अंथरून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. पावसाळा संपल्यावर त्याच 62 रुपये दरानं तो भाग करून घेतला आणि त्याच दिवशी राखून ठेवलेले 10 टक्केही दिले.

काकूंनी दिवाळीआधी बेडरूमचं छत रंगवून घेतलं. पेन्सिलची रेघ त्यांनी रंगाऱ्याला मुद्दाम सांगून तशीच ठेवलीय, तारखेसकट.